निर्माल्याची गाठ

परभणीतल्या आमच्या सोसायटीचा मी सचिव. निवृत्त मास्तर, त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही छडी हातात घेतल्यासारखाच लिहायचो. 'ओला-सुका कचरा वेगळा न देणाऱ्यांची नावे जाहीर करण्यात येतील.' लोक अंगठा दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा एकाच पिशवीत. खाली खताच्या पिंपांवर काम करणाऱ्या मावशी ते हातानं निवडायच्या. त्यांना जाड हातमोजे द्यायचं बैठकीत ठरलं होतं. ते आणायचं काम माझ्याकडे होतं.

निर्माल्य तेवढं सगळे वेगळं देत. सोमवारी घराघरांतून बेल-फुलं निघत. पायदळी येऊ नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर घट्ट गाठ. मावशी दारोदारून पिशव्या नेऊन, गाठ सोडून, हारांचे दोरे काढून ती पिंपात पसरत, वर वाळका पाला टाकत.

एका सोमवारी आमच्या देवघरातली महादेवाची तसबीर पडून काच फुटली. देवाची काच कचऱ्यात कशी टाकायची? मी तुकडे आणि चित्र निर्माल्यातच घातलं आणि गाठ मारली.

ती काच मावशींच्या उजव्या तळहातात खोल गेली. टाके पडले, पण दोन बोटं आखडली ती पुन्हा सरळ झाली नाहीत. पूर्वीसारखी उघडायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

मी ग्रुपवर लिहिलं, 'हा निष्काळजीपणा कोणाचा?' कोणाचा ते मला पक्कं ठाऊक होतं. आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

टाके निघाल्यावर मावशी दारात आल्या. "सर, तुमच्या गुरूपवर माजा आवाज टाकता का?" आता नाव घेणार, म्हणून मी घाबरतच मोबाईल पुढे धरला.

"ताई, दादा, निर्माल्याला गाठ मारू नका. टोपलीत उघडं द्या, म्हंजी मला दिसतंय. काच असली तर कागदात गुंडाळून येगळी ठिवा अन् सांगा. तुमच्या फुलांचं खत लय चांगलं व्हायलंय, कुंड्यांला घेऊन जा."

बस, एवढंच. दर सोमवारी सकाळी मी तोच आवाज ग्रुपवर टाकू लागलो, माझा एक शब्दही न जोडता. आधी दोन घरांनी टोपली काढली, मग जिन्यात टोपल्याच दिसू लागल्या. माझ्या ताकिदींनी जे वर्षानुवर्षं झालं नव्हतं, ते महिन्या-दीड महिन्यात झालं.

हातमोजे मी तेव्हा कुठे आणले. उजव्या मोज्यात त्यांची ती दोन बोटं जाईनात. त्यांनी मोजा बाजूला ठेवला, पिंपामागच्या फळीवरून वर्तमानपत्राची घडी काढली आणि डाव्या हातानं माझ्यापुढे धरली.

"सर, तसबिरीतला म्हादेव म्या पिंपात टाकला न्हाई. रगत पुसून वाळवून ठिवलाय. तुमच्या देवघरातला हाय, घेऊन जा."

मी तो घेतला. ती काच माझी होती, हे मात्र ग्रुपवर अजून लिहिलेलं नाही.