घोरण्याचा हप्ता

हॉस्टेलमध्ये कपड्यांपेक्षा किस्से जास्त साठतात, कारण कपडे निदान महिन्यातून एकदा धुतले तरी जातात. आमच्या करंजाड्याच्या हॉस्टेलात तर एका माणसाच्या फोनने इतके किस्से दिले की बाकीच्यांनी काही उद्योग केला नाही तरी चाललं असतं. तो माणूस म्हणजे माझा रूममेट हर्षल. मूळचा जालन्याचा. वडिलांचं तिथे भांड्यांचं दुकान. दर एक तारखेला ते मेसचे आणि भाड्याचे पैसे थेट रेक्टरला पाठवायचे आणि वरखर्चाचे पाच हजार हर्षलच्या खात्यात टाकायचे. पाच हजारात आमच्यासारख्यांचा महिना आरामात निघतो. हर्षलचा वीस तारखेच्या आतच आटपायचा.

तीन महिने त्याने घरून वरचे हजार-हजार मागून घेतले. चौथ्या महिन्यात वडिलांनी फोनवर शांतपणे सांगितलं, की आणखी एकदा मागितलेस तर बॅग भर, जालन्याच्या कॉलेजात ॲडमिशन घे आणि संध्याकाळी दुकानात बस. ते ओरडले असते तर हर्षल घाबरला नसता. शांतपणे बोलले म्हणून त्याचं धाबं दणाणलं. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडून कुकरच्या शिट्या विकायच्या, या विचाराने त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याची पोळी मी खाल्ली.

०००

मग सुरू झाली काटकसर. नवीन पनवेलच्या कॉलेजपर्यंत रिक्षा बंद, पायी. चहा बंद. कॉलेजच्या कँटीनमध्ये तो आमच्याबरोबर बसायचा आणि आमच्या समोशाकडे इतक्या मायेने बघायचा की शेवटी आम्हीच अर्धा द्यायचो. म्हणजे काटकसर त्याची आणि खर्च आमचा.

तरीही पैसे गळतच होते. तेव्हा हर्षलच्या डोक्यात आलं, की कुणीतरी फोनला हात लावतोय. त्याच्या फोनचं लॉक आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि स्वप्नीलला. स्वप्नील म्हणजे आमचा मित्र, उलव्याचा म्हात्रे. घर जवळ असल्यामुळे तो हॉस्टेलचा विद्यार्थी नव्हता, पण झोपण्यापुरता घरी जायचा, तेही नाइलाजाने. हर्षलने स्वप्नीलकडे संशयाने बघायला सुरुवात केली. एक दिवस बोलूनही गेला.

स्वप्नील उठून उभा राहिला. "मना चोर बोलतोस? दोन वरसं तुझ्यासाठी आयच्या हातचं सुकट आनतो. त्याचा पन हिशोब लाव."

त्या दिवसापासून तो आमच्या खोलीत आला नाही. सुकटही आलं नाही. मला तर दुसऱ्या गोष्टीचंच जास्त वाईट वाटलं. हर्षलने मात्र सावधगिरी म्हणून यूपीआयचा पिन बदलला आणि तो कुणाला सांगितला नाही. त्या आठवड्यातही पैसे कापले गेले. आता नवा पिन जगात एकट्या हर्षललाच माहीत होता. दोन दिवस तो स्वतःवरच पाळत ठेवून होता.

०००

पुढची आयडिया माझी, हे मी कबूल करतो. खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत, म्हणजे जाणार कुठून? त्याने सगळे पैसे माझ्याकडे वळवले आणि खात्यात बावीस रुपये ठेवले. काम झालं! त्या आठवड्यात पैसे गेले नाहीत, उलट बँकेचा मेसेज आला, की शिल्लक अपुरी असल्यामुळे पेमेंट अयशस्वी.

आम्ही वडापाव खाऊन हे साजरं केलं. वडापावचे पैसे द्यायला मी त्याच्याच पैशातले शंभर त्याच्या खात्यात टाकले. शिवाय त्याच्या आत्याने वाढदिवसाचे पाचशे पाठवले होते. दुसऱ्या दिवशी त्यातून एकशे नव्व्याण्णव गेले. म्हणजे पलीकडे जो कोण होता, तो पुन्हा दार वाजवत होता.

अयशस्वी पेमेंटचा तो मेसेज शेवटी स्वप्नीलने वाचला. रुसवा काढायला आम्ही त्याच्या घरी गेलो होतो, तेव्हा. त्याने फोन हातात घेतला आणि बँकेचे जुने मेसेज वर वर सरकवत गेला. दर सोमवारी एकशे नव्व्याण्णव. बाकीच्या लहान रकमा झेरॉक्स-रिचार्जच्या असतील म्हणून आम्ही सोडून दिल्या. पैसे जात होते कुठल्याशा टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेडला. हर्षलने हे नाव आधीही पाहिलं होतं, पण त्याला वाटलं की कँटीनवाल्याच्या क्यूआर कोडची कंपनी असेल. मेसेजमध्ये ॲपचं नाव येतच नाही, येतं ते मागच्या कंपनीचं. आणि पैसे कापण्याच्या एक दिवस आधी येणारी सूचना? ती यायची. पण कूपन आणि ऑफरच्या माऱ्याला कंटाळून हर्षलने सगळ्याच ॲपच्या सूचना बंद केल्या होत्या.

स्वप्नीलने कंपनीचं नाव शोधलं. ती कंपनी एक ॲप चालवत होती. झोपेत कोण किती घोरतं ते मोजायचं ॲप.

हर्षल माझ्याकडे बघायचं टाळू लागला.

०००

आता हा त्याच्या आधीचा किस्सा. मी घोरतो असं हर्षलचं म्हणणं होतं. मी ते कधीच मान्य केलं नाही. पुरावा हवा म्हणून त्याने हे ॲप घेतलं होतं. तीन दिवसांची ट्रायल फक्त एक रुपयात. रुपया भरताना स्क्रीनवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, की ऑटोपे, दर आठवड्याला, अमुक रकमेपर्यंत, आणि मुदत अशी की तोवर हर्षलचा मुलगा इंजिनीअर झाला असता. हर्षलने रुपया बघितला, पिन टाकला. तो पिन रुपयासाठी नव्हता, पुढच्या सगळ्या आठवड्यांची ती सही होती. एकदा अशी परवानगी दिली की लहान रकमांना पुन्हा पिन विचारत नाहीत. म्हणून पिन बदलून काही उपयोग झाला नाही.

आणि पुरावा? त्याने फोन स्वतःच्या उशाशी ठेवला होता. सकाळी ॲपने रिपोर्ट दिला, 'तीव्र घोरणे, वैद्यकीय सल्ला घ्यावा.' सोबत आवाजही. त्या आवाजात मध्येच हर्षल झोपेत म्हणतो, "आई, डबा." तेव्हापासून त्याने ते ॲप उघडलं नव्हतं. पैसे मात्र भरत होता.

०००

ॲप फोनमधून काढून टाकलं. विषय संपला असं आम्हाला वाटलं. सोमवारी एकशे नव्व्याण्णव गेले.

इथे स्वप्नीलने आम्हा दोघा भावी इंजिनीअरांना समजावलं, की ॲप काढलं म्हणजे खिडकी लावली, पाणी नळातून येतंय. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाची जागा असते, तिथे परवानग्यांची यादी दिसते आणि तिथूनच ती रद्द करायची. हर्षलने त्याचं यूपीआय ॲप उघडलं. यादी रिकामी! मग आठवलं, की ट्रायल घेतली तेव्हा तो दुसरं यूपीआय ॲप वापरायचा, ते त्याने नंतर काढून टाकलेलं. ते पुन्हा घेतलं, बँक खातं जोडलं, ऑटोपे उघडलं.

तिथे एक नव्हे, तीन परवानग्या जिवंत होत्या. घोरणं एकशे नव्व्याण्णव. एका असाइनमेंटसाठी घेतलेला पीडीएफ स्कॅनर नव्व्याण्णव. आणि इंटर्नशिपसाठी घेतलेलं बायोडेटा बनवायचं ॲप, एकशे एकोणपन्नास. सगळं दर आठवड्याला. महिन्याला अठराशेच्या घरात जात होते, आणि इंटर्नशिप मिळालेली नव्हती.

समोर दोन बटणं होती, थांबवा आणि रद्द करा. हर्षलचं बोट 'थांबवा'कडे गेलं. स्वप्नीलने त्याच्या हातावर चापट मारली, कारण थांबवलेलं पुन्हा सुरू होऊ शकतं. रद्द करायलाही पिन लागतो, आणि त्या दिवशी हर्षलने पिन इतक्या आनंदाने टाकला की दोनदा चुकला. मग त्याने तिन्ही कंपन्यांना ईमेल पाठवले. दोघांनी उत्तर दिलं नाही. घोरण्याच्या कंपनीने शेवटच्या आठवड्याचे पैसे परत केले आणि विचारलं, 'आमच्या सेवेने तुमची झोप सुधारली का?'

०००

ही बातमी मजल्यावर पसरली आणि आमच्या खोलीला दवाखान्याची कळा आली. स्वप्नील खाटेवर बसायचा, पोरं फोन घेऊन रांगेत. फी एक कटिंग चहा. कुणाचं राशिभविष्य, कुणाचं सिक्स पॅक. एकाच्या फोनमध्ये मन एकाग्र करायचं ॲप होतं, आणि ते आपण घेतलंय हे त्याच्या लक्षात नव्हतं.

मग एके दुपारी आमचे रेक्टर कदम सर आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. याच सरांनी सकाळी मुलांना मोबाइलच्या व्यसनावर अर्धा तास सुनावलं होतं. त्यांनी फोन पुढे केला. स्वप्नीलने यादी उघडली, वाचली आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सर, केस वाढले काय?"

सरांनी त्याला दोन कटिंग पाजले.

०००

आता शेवटचा. हर्षलने वडिलांना फोनवर सगळं खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, की रविवारी येतो, समोरासमोर बोलू. रविवारी आले. हातात एक मोठी रिकामी बॅग होती. ती बघून हर्षलचा चेहरा उतरला, आणि खरं सांगतो, माझाही.

काकांनी खाटेवर बसून त्याला चांगलंच फैलावर घेतलं. दुकानात एक चमचा कमी भरला तर मला कळतं, आणि तुझ्या खिशात दर आठवड्याला कोणी हात घालतं ते तुला कळत नाही? न वाचता सही करतो का माणूस? एका रुपयात काही मिळत असतं का जगात? हर्षल मान खाली घालून ऐकत होता. आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे होतो.

मग त्याने रद्द केलेल्या तिन्ही परवानग्या दाखवल्या. काकांनी चष्मा वर करून त्या नीट वाचल्या. मग खिशातून स्वतःचा फोन काढून हळूच म्हणाले, "माझ्यात बी बघ बरं."

हर्षलने ऑटोपे उघडलं. एक परवानगी होती. कुठल्याशा लर्निंग कंपनीला दर आठवड्याला एकोणऐंशी रुपये, गेले आठ महिने. हर्षल इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताठ बसला. म्हणाला, "पप्पा, तुमचे बी चाललेत की. कॅन्सल करतो, पिन टाका."

काकांनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. चष्मा सारखा केला. एकेक शब्द नीट जुळवत, आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत ते म्हणाले, "नो नीड टू कॅन्सल. यू आल्सो स्टे हिअर. आय ॲम इन लेव्हल फोर."