ब्लॉकनंतरचा बॉल

माझे हात चांगले होते, हे मी आजही बिनदिक्कत सांगतो. अक्कल किती होती, ते पुढे कळेलच.

इंदिरानगरच्या मुरमाच्या मैदानावर सरांनी व्हॉलीबॉलचा ब्लॉक, म्हणजे समोरचा फटका नेटवरच अडवणं, घासून घासून शिकवला. बोटं फाकलेली आणि ताठ, दोन हातांमधून बॉल निसटणार नाही एवढीच फट. खांदे उचलून हात नेटच्या पलीकडे घालायचे. कडेला असलो तर बाहेरचा तळवा मैदानाच्या आत वळवायचा. "पण समोरच्याचा फटका बसायच्या आधी बॉलला शिवलास तर फाउल," सर बजावायचे.

सर रविवारीच यायचे. इतर दिवशी आमचा घरचा कायदा चाले: ब्लॉकला ज्याचा हात लागला, त्यानं लगेच तो बॉल उचलायचा नाही. उंच पोरं सगळेच बॉल ढापायची, म्हणून कुणीतरी हा कायदा काढलेला.

पंच्याण्णवच्या सुमारास एका कारखान्याच्या संघाची निवड होती. निवड झाली की नोकरी. मी गेलो आणि आमच्याच मैदानावर खेळणारा माझा मित्र गेला. तो वणीकडच्या भाजी पिकवणाऱ्या घरातला, मागच्या फळीतला बचाव त्याचा. ती नोकरी माझ्यापेक्षा त्याला जास्त हवी होती.

समोरच्यानं फटका मारला. माझे हात बरोबर पलीकडे गेले, बॉल त्यांना लागून आमच्याच बाजूला, माझ्या पुढ्यात हळूच खाली येऊ लागला. मी नुसतं वाकायचं होतं. घरच्या कायद्याच्या सवयीनं मी हात आखडले आणि ओरडलो, "तू घे!"

तो मागून झेपावला. गुडघा वाकडा टेकला, आणि तो आवाज मी ऐकला.

त्याला उचलून नेल्यावर पंच माझ्याजवळ आले. "तूच का नाही उचललास? ब्लॉकचा स्पर्श मोजत नाहीत. त्यानंतर संघाला पुरे तीन मिळतात, पहिला तूसुद्धा घेऊ शकतोस."

माझी निवड झाली. दवाखान्यात पंचांचं बोलणं लपवून मी त्याला म्हणालो, नशीब म्हणायचं. इतकं हलकट वाक्य मी पुन्हा कधी बोललो नाही.

बऱ्याच वर्षांनी तालुक्याच्या शाळांच्या सामन्यात तो पंच म्हणून दिसला. पाय ओढत शिडी चढत होता. सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "पंचाची परीक्षा दिली तव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू येऊन सांगशील म्हणून थांबलो व्हतो. लय वर्सं थांबलो." त्यानं चहा संपवला. "आता नाय वाट बघत. चल, पोरींची मॅच हाय."

मला पाहिजे होतं, त्यानं शिव्या द्याव्यात.