चार टक्क्यांचा कागद

चूक माझी होती आणि मी ती दुसऱ्यावर ढकलली. वर्ध्याच्या बँकेत कारकून असताना, एकोणीसशे पन्नासच्या सुमारास, कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या अपघातात नवरा गमावलेल्या एका बाईंना मी भरपाईच्या पाच हजारांचे आठ वर्षांचे सरकारी रोखे घेऊन दिले. परतावा चार टक्के. शेवटी सहा हजार आठशे चौसष्ट होतील, असे कागदावर लिहूनही दिले. त्या भरवशावर त्यांनी भाड्याचे राहते घर मुदत संपल्यावर विकत घ्यायचे ठरवले. दर सहामाहीचे व्याज त्यांचा मुलगा पोस्टात भरून येई.

मुदत संपली आणि सुमारे एकशे चाळीस रुपये कमी पडले.

"बाबूजी, कमी काऊन?"

"पोरानं एखादा हप्ता भरला नसेल," मी पासबुक न उघडताच बोललो.

त्यांनी पोराला चोर म्हटले. तो घर सोडून नागपूरला गेला. घर दुसऱ्याने घेतले.

नंतर पासबुक पाहिले. सगळे हप्ते भरलेले होते. माझा आकडा खरा ठरायला प्रत्येक व्याजावरही पुन्हा चार टक्के मिळायला हवे होते. पोस्ट दोनच देत होते, आणि ते मला ठाऊक होते.

मी बाईंना सगळे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "हे त्याले सांगा."

नागपूरला त्याला शोधून काढले. हात जोडून म्हणालो, "तू चोर नव्हतास. आकडा माझा खोटा होता. मला माफ कर."