एक्क्याण्णव टक्क्यांचे पेढे

कामिनी भारंबे मॅडम आमच्या शाळेत पाचवी ते नववी इंग्रजी शिकवतात आणि अधूनमधून मुख्याध्यापकांना ताळ्यावर आणतात. पगार फक्त पहिल्या कामाचा मिळतो. माहेर रावेरकडचं, घरच्या केळीच्या बागा, कॉलेज अमळनेरला झालं, आता राहणं जळगावात मेहरूणला. चहाचा थर्मास स्वतःचा आणतात, कारण आमच्या स्टाफरूममधल्या चहाबद्दल त्यांचं जे मत आहे ते चारचौघांत सांगता येत नाही. मी विज्ञान शिकवतो आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो, म्हणून त्या थर्मासवर माझाही हक्क आहे असं मी परस्पर ठरवून टाकलंय.

आमचे मुख्याध्यापक तोताराम पवार सर यांना टक्क्यांचं वेड. हजेरीचे टक्के, निकालाचे टक्के, आवारात लावलेली झाडं जगल्याचे टक्के. झाडं मेली तरी चालतील, टक्के जगले पाहिजेत. नाशिकच्या कुठल्याशा शिबिराहून ते एक सॉफ्टवेअर घेऊन आले. त्यात निबंध टाकला की तो मुलाने लिहिला की एआयने, याचा आकडा येतो म्हणे. सरांचा आनंद गगनात मावेना. वाचायची कटकटच संपली!

नववीचे ‘शेती आणि पाणी’ या विषयावरचे इंग्रजी निबंध त्यांनी शनिवारी त्या यंत्रात ओतले आणि कामिनी मॅडमना न विचारता नाव आणि टक्के अशी यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली. वर मथळा फक्त ‘निबंध तपासणी’. टक्के कसले, ते लिहायचं राहिलं.

आता आमच्याकडे शाळेतून टक्के आले म्हणजे मार्कच आले, दुसरं काय असणार? सोमवारी सकाळी धुळ्याकडच्या सोनगीरहून योगराज पाटील पेढ्यांचा खोका घेऊन हजर. त्यांची मुलगी दिपमाला जळगावात आत्याकडे राहून शिकते. यादीत तिच्या नावापुढे एक्क्याण्णव होते.

“बठ्ठा गावमा पेढा वाटी उनू, सर,” योगराजभाऊ म्हणाले आणि सरांच्या हातात पेढा ठेवला.

त्याच वेळी दिपमालाच्याच वर्गातल्या योगेंद्रच्या आई प्रमिलाबाई तावातावाने आत शिरल्या. त्यांच्या मुलाला सहाच कसे, पेपर कोणी तपासला, त्याला समोर आणा! त्यांना बाहेर बसवेपर्यंत माझा घसा बसला.

तोताराम सरांनी पेढा खाल्ला. नीट चावून, गिळून, मगच खुलासा केला की एक्क्याण्णव म्हणजे निबंध एआयने लिहिलाय. अंतर्गत गुणांत शून्य मिळेल आणि वडिलांना माफीनाम्यावर सही करावी लागेल. छापील माफीनामा तयारच होता. मला त्या क्षणी सरांचा इतका संताप आला की पेढ्याचा खोका त्यांच्या डोक्यावर ठेवावासा वाटला.

योगराजभाऊंचा चेहरा उतरला. दिपमालाला वर्गातून बोलावलं होतं. ती “मी लिहिलाय, मीच लिहिलाय” एवढंच म्हणत राहिली. पण योगराजभाऊंना ज्या गावाला पेढे वाटले त्याच गावात आता तोंड दाखवायचं होतं.

“दिपा, घर चाल,” ते म्हणाले. “आठे ऱ्हावानं नही आते.”

इथलं राहणं संपलं, आणि घर म्हणजे शाळा बंद. आजोबांचा तिच्या जळगावला राहण्याला पहिल्यापासून विरोधच होता.

कामिनी मॅडम दारातच उभ्या होत्या. “सही कसली घेताय सर?” त्यांनी विचारलं. “पोरीला एक प्रश्न तरी विचारलात का?”

“आकडा बोलतोय ना मॅडम.”

“आकड्याला माझ्या वर्गात बसवा मग. बघू काय बोलतो ते.” मग योगराजभाऊंकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, दोन दिवस थांबा. सही करू नका. पोरीला नेऊ नका.” ते थांबले, पण खोका उचलून घेतला.

दुपारी मॅडमनी सगळ्या पालकांना ईमेल लिहिला. आमच्या पालकांपैकी ईमेल कोण उघडतं? तो मी ग्रुपवरही टाकला. त्यातला मुख्य भाग असा:

“शनिवारची यादी मार्कांची नव्हती. ती ग्रुपवर यायलाच नको होती, त्याबद्दल वर्गशिक्षिका म्हणून मी क्षमा मागते. शाळा दोन प्रकारची साधनं वापरते. एक साधन मजकूर आधीच्या लेखनाशी कुठे जुळतो ते दाखवतं. ते मूळ लेखन उघडून आपण स्वतः ताडून पाहू शकतो. दुसरं साधन मजकूर एआयने लिहिल्यासारखा वाटतो का, याचा अंदाज करतं. ते पुरावा दाखवत नाही, फक्त आकडा देतं, आणि त्या आकड्याचा अर्थ प्रत्येक कंपनी वेगळा सांगते. जे मूल सोप्या, ठरावीक वाक्यांत लिहितं, ज्याच्या घरी इंग्रजी नाही, ते यात विनाकारण अडकू शकतं. जे मूल एआयकडून लिहून घेऊन थोडी मोडतोड करतं ते सुटू शकतं. म्हणून आकडा जास्त असो वा कमी, त्याच्यावरून आपण काहीच ठरवणार नाही. शंका आली तर दोन शिक्षक मुलाशी बोलतील, त्याचे कच्चे मसुदे आणि आधीचं लेखन पाहतील, वर्गात थोडं लिहून घेतील. त्याआधी गुण कापले जाणार नाहीत आणि कोणाची सही घेतली जाणार नाही. यापुढे निबंध तपासायला टाकताना मुलाचं नाव काढून टाकू.”

तोताराम सर म्हणाले, पत्र फार लांबलं. त्यांना शून्य हा शब्द पुरला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दिपमालाशी बोललो. तिने वर्गात बसून पुन्हा एक परिच्छेद लिहिला. तोच थाट: आधी प्रस्तावना, मग फायदे, मग तोटे, शेवटी उपसंहार. वाक्यं इस्त्री केल्यासारखी. ठिबकबद्दल काहीही विचारा, आधी मराठीत सांगायची, मग तेच इंग्रजीत. जुन्या वह्यांतही हेच वळण होतं. लिहिणारी तीच होती, यात शंका उरली नाही.

आई भांडून गेली होती म्हणून सहा टक्केवाल्या योगेंद्रलाही बोलावलं आणि त्याच्याच निबंधातल्या एका वाक्याचा अर्थ विचारला. त्याने छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसत सांगून टाकलं की मोबाइलवरून लिहून घेतला आणि मग मुद्दाम चुका घातल्या. चोर तर चोर, वर कष्टाळू. त्याला नव्याने लिहायला बसवलं.

मॅडमनी सरांना सांगितलं, नाव जिथे खराब केलंत तिथेच साफ करा. सर म्हणाले, पदाची काही शान असते. मॅडम म्हणाल्या, मग नववीचे अंतर्गत गुण तुम्हीच भरा. गुण भरायचे म्हणजे निबंध वाचावे लागणार, हे सरांच्या लक्षात आलं. संध्याकाळच्या आत ग्रुपवर मजकूर आला: ‘दिपमाला पाटील हिचा निबंध तिचा स्वतःचाच आहे. शाळेकडून चूक झाली.’

योगराजभाऊंनी तो वाचला, पुन्हा वाचला. “मनी पोर खरं सांगस, मॅडम,” ते म्हणाले. “ती आठेच शिकी.” आणि पोरीला इथेच शिकायला ठेवून, उपरण्याने डोळे पुसत ते एसटी गाठायला निघून गेले.

दिपमाला मात्र जाईना. मॅडमच्या टेबलापाशी घुटमळत राहिली.

“मॅडम, एक विचारू?”

“विचार ना.”

“पुढच्या वेळी मी थोडं वाईट लिहू का? म्हणजे कोणाला शंका येणार नाही.”

प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार हा साचा कामिनी मॅडमनीच तिच्याकडून पाचवीपासून घोटून घेतला होता. त्यांनी दिपमालाचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, “नाही. तू चांगलंच लिही. कोणी काही म्हणालं तर मी आहे.”

पोरगी मान हलवून गेली. पण तिला ते पटलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही दिसलं.