रिकामी खुर्ची आणि चार परिचय

मांडवगण फराट्याच्या आरोग्य केंद्रात माया सोनवणे एकोणीस वर्षं आरोग्य सहायिका आहेत. आवाज स्वच्छ, म्हणून कुठलाही कार्यक्रम असला की माईक त्यांच्याच हातात येतो. त्यांनाही त्यात काही अवघड वाटत नसे. गेल्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी आरोग्य परिषदेच्या मंचावर त्यांनी तीन डॉक्टरांच्या पदव्या सावकाश वाचल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आणि या आपल्या आशाताई." गावच्या आशा कार्यकर्त्या धुरपदा गायकवाड उठल्या, हात जोडून खाली बसल्या आणि पुढचा तासभर एक शब्द बोलल्या नाहीत. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाल्या, "माझं नाव बी न्हाई घेतलं, सिस्टर."

यंदा परिषद दौंडच्या एका मंगल कार्यालयात होती. सत्राचा विषय सर्पदंश. मायाताईंनी धुरपदाबाईंना महत्प्रयासाने राजी केलं होतं. त्या आता बोलतील का, हे बरंचसं आपल्या चार वाक्यांवर आहे, हे मायाताईंना ठाऊक होतं.

आदल्या आठवड्यात त्यांनी परिचय लिहून प्रयोगशाळेतल्या नवनाथला वाचून दाखवले. तो काचपट्टी पुसत ऐकत होता.

"ताई, लसीकरणाची यादी वाचताय व्हय?"

"का रे?"

"चार माणसं, चारदा 'येथे कार्यरत आहेत'. दुसऱ्यालाच मला जांभई आली. धुरपदामावशी तर चौथ्या."

त्यांनी कागद फाडला. पदव्या परिषदेच्या पुस्तिकेत छापलेल्या होत्याच. मग ज्याच्या त्याच्या कामातूनच वाक्य सुरू केलं: एकाचं प्रश्नाने, एकाचं आकड्याने. मात्र प्रत्येक परिचयाचा धागा आधीच्याला बांधलेला होता. ज्येष्ठ म्हणून आधी डॉक्टर भारत शितोळे, शेवटी धुरपदाबाई. "या तिघांच्याही आधी रुग्णापाशी पोचणारी बाई" हे वाक्य त्यांना फार आवडलं होतं.

सत्र सुरू व्हायला पाच मिनिटं असताना निरोप आला. सर्पदंशाचा रुग्ण दाखल झाल्याने डॉक्टर शितोळे रुग्णालयात अडकले होते.

"थांबू या थोडं," तालुका अधिकारी म्हणाले. "मोठ्या माणसाच्या आधी बाकीच्यांची ओळख कशी करायची?"

सभागृहात खुर्च्या सरकू लागल्या, दोघं चहाकडे निघाले. धुरपदाबाई पदर बोटाला गुंडाळत होत्या. मायाताईंनी कागदाकडे पाहिलं. पहिलाच धागा तुटला होता, सगळंच सुटणार होतं. मग त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तो रुग्ण तिथवर कसा पोचला असेल? आधी कुणाला फोन गेला असेल?

"साहेब, रुग्ण ज्या वाटेनं जातो, त्याच वाटेनं जाते," म्हणत त्यांनी माईक घेतला.

"उसाला पाणी धरताना साप चावला, तर मांडवगणात पहिला फोन कुणाला जातो? धुरपदा गायकवाड यांना. पायाला दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका, माणसाला चालवू नका, हे त्या चपला घालता घालताच सांगतात. पिशवीत दोन फळ्या आणि स्वतःची एक ओढणी, पाय स्थिर बांधायला."

चहाकडे निघालेले दोघं दारातच थांबले.

"अठरा मिनिटं. एवढ्या वेळात लांबच्या वस्तीवर रुग्णवाहिका नेणारे जालिंदर फराटे. गाडी कुठे रुतते, हे त्यांना नकाशाशिवाय कळतं."

तिसऱ्या परिचयाची सुरुवात प्रश्नाने लिहिली होती. प्रश्न तर धुरपदाबाईंसाठी वापरून झाला होता. मायाताईंनी ते वाक्य सोडून दिलं.

"उशीर मोजणं हे डॉक्टर अक्षदा दोरगे यांचं संशोधन. साप चावल्यापासून प्रतिविषाचं पहिलं इंजेक्शन टोचेपर्यंतचा वेळ वाटेत कुठे गेला, ते त्या गावोगाव विचारतात."

तेवढ्यात डॉक्टर शितोळे घाईने मंचावर आले.

"ही खुर्ची रिकामी होती, कारण हिचे मानकरी आत्ता तेच काम करत होते, ज्याबद्दल आपण बोलणार आहोत. डॉक्टर भारत शितोळे."

"पेशंट आता स्थिर आहे," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. टाळ्या पडल्या.

आता त्याच क्रमाने पहिलं बोलणं धुरपदाबाईंचं. माईक समोर आला. त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मायाताईंना गेल्या वर्षीची गाडी आठवली.

"मायाताईंनी येक चुकीचं सांगितलं," धुरपदाबाई म्हणाल्या.

दारातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ती ओढणी माझी न्हाई. सुनंची हाय. रोज माघारी मागती." हशा उसळला. त्या हसल्या नाहीत. माईक जवळ ओढून घेतला. "आन् फळ्या दोन न्हाई, तीन लागत्यात. का, ते सांगते."

मायाताईंनी पेन काढलं आणि कागदावरच्या दोनचे तीन केले.