वाढत्या अंगाचा ब्लाउज

विरारच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर माझं शिलाई मशीन होतं. पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, शाळेचे स्कर्ट, परकर-पोलकी, सगळं शिवायची. टेपवर माझा देवापेक्षा जास्त भरवसा. टेप खोटं बोलत नाही, असं मी गिऱ्हाइकांना ऐकवायची, तेही जरा चढ्या आवाजात.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची तेलुगू बाई एक दिवस पिशवी घेऊन आली. तिची मुलगी नुकतीच वयात आली होती. त्यांच्याकडे अशा वेळी मामाने आणलेला लंगा-वोणी मुलीला नेसवून चार माणसांत बसवतात. मामाने गावाहून हिरवं रेशीम पाठवलं होतं, रुंद जरीकाठाचं. ब्लाउजचं कापड जेमतेम, वर साडीच्या पदरासारखी घ्यायची लाल ओढणी, तीच वोणी.

"ताई, तीन वर्षं तरी चालला पाहिजे," ती म्हणाली. "मामाचा कपडा आहे. पोरगी तर वाढतेय."

मी म्हटलं, काळजी सोडा. लंगा म्हणजे आपला परकरच. नाडी जिथे बांधणार तिथून, बेंबीच्या जरा वरून, अनवाणी पायांच्या टाचेपर्यंत उंची घेतली. खाली काठ असल्यामुळे तिथे दुमडता येत नाही, म्हणून काठाच्या वर आतून दोन आडव्या दुमडी घातल्या. पोरगी उंच झाली की एकेक उसवायची. कमरेचा पट्टा चांगला पाच इंच मोठा ठेवून त्यात नाडी ओवली. ब्लाउजला दोन्ही कुशींत दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीत दडवलेलं जादा कापड, आणि खाली दोन इंचांची दुमड. आगाशीच्या बाजारातून अस्तर आणलं, आधी भिजवून मगच कापलं. स्वतःवरच खूश होते मी.

मापं घेताना मुलगी मान खाली घालून उभी होती. खांदे पुढे, हात छातीशी. लाजतेय, असं मनात म्हटलं आणि टेप फिरवला.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी दोघी ट्रायलला आल्या. ब्लाउज कसा बेतून शिवल्यासारखा बसला. आईने लंग्याची नाडी बांधली, वोणीचं एक टोक कमरेला डावीकडे खोचलं, दुसरं मागून वळवून पुढून डाव्या खांद्यावर टाकलं आणि पिन लावली. अंगावर ती लाल वोणी आली आणि मुलीने कपाटाच्या आरशात पाहिलं. पाहता पाहता ती सरळ झाली. खांदे मागे, मान वर. मला वाटत होतं त्याहून पोरगी चांगलीच उंच होती.

आणि ब्लाउज वर चढला. पुढचे हूक ताणले, मधे फटी पडल्या. पाठीला मात्र झोळ. लंग्याला काही झालं नव्हतं, पण ब्लाउजला कुठे नाडी असते? मी वाकलेल्या मुलीचं माप घेतलं होतं. ब्लाउज तसाच झाला होता, वाकलेल्या मुलीचा.

माझं तोंड उघडायच्या आत ती पुन्हा वाकली. हळूच म्हणाली, "काकू, मी अशीच उभी राहते ना. मग बसतो."

एवढी वर्षं शिवतेय, पण कपड्याला जागा व्हावी म्हणून मुलीने स्वतःला आवळून घ्यावं, असं कुणी माझ्यासमोर बोललं नव्हतं.

"माझी चूक आहे बाळ, तुझी नाही," मी म्हटलं. मग तिच्या आईकडे वळले. "पुढच्या भागाची सगळी माया सोडावी लागेल. खालची दुमडही. पाठीचा झोळ आत घेते. पण मग वाढीला काही उरणार नाही. तीन वर्षं विसरा."

आई ब्लाउजची खालची कड उलटून आतल्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. भावाने पाठवलेलं कापड, दुसरं मिळणार नाही. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"सोडा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नाही आला तर नाही आला. मापं परत घ्या." आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "नीट उभी राहा गं. सगळ्यांना दिसू दे केवढी झालीस."

त्या दिवशी मी टेप दोनदा फिरवला. छातीत आधीच्या मापाशी पावणेदोन इंचांचा फरक निघाला.

कार्यक्रम गच्चीवर झाला. हळद-कुंकू, फुलं, मामाने डोक्यावर टाकलेल्या अक्षता. मुलगी पाटावर ताठ बसली होती आणि एकही हूक ताणला नव्हता. बायका माझ्या शिवणाचं कौतुक करत होत्या. माझं लक्ष नव्हतं. माझ्या शेजारी माझी लेक बसली होती, त्या मुलीहून वर्षाने मोठी. ओढणी गळ्याशी घट्ट, खांदे पुढे, पाठीला पोक. "ओढणी नीट घे, खाली बघून चाल," हे मीच तिला रोज बजावत होते. तिचे सगळे ड्रेस मीच शिवलेले, आणि तिला ते अगदी बरोबर बसायचे.