काकाचे पुतणे किती?

सनदी सेवेच्या मुलाखतीला निघालेल्या मुलांना मी गेली कित्येक वर्षे एक गोष्ट सांगत आलो. गोष्ट खरी आहे, पण माझी नाही. ते आता लिहून टाकतो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली एक-दोन वर्षे. लेखी परीक्षा पार करून आम्हा दोघा मित्रांना दिल्लीचे बोलावणे आले होते. मी साताऱ्याच्या वकिलाचा मुलगा. तो विट्यापलीकडच्या, मेंढरे राखणाऱ्या घरातला. सांगलीला आम्ही एका वर्गात शिकलो. इतिहासाचे आमचे प्राध्यापक विश्रामबागेत राहत, तेच आमचे सराव-मंडळ. सोप्यात टेबल टाकून ते पलीकडे बसत. आम्ही आळीपाळीने समोर. दुसऱ्याने कोपऱ्यात बसून ऐकायचे. सगळे इंग्रजीत.

“सनावळ्या लेखी पेपरात तपासून झाल्या,” सर म्हणत. “आता ते तुम्हाला तपासणार. प्रश्नाची दुसरी बाजू दिसते का, आपल्या मतावर उभं राहता का, आणि येत नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणता का.”

मला त्यांनी विचारले, “संस्थानं विलीन झाली. रयतेचं काय बदललं?”

मी तीन मुद्दे घडाघडा सांगितले.

“छान. हे पुस्तक बोललं,” सर म्हणाले. “तू कधी बोलणार?”

कोपऱ्यातून मित्र फिसकन हसला. त्याची पाळी आली तेव्हा सरांनी विचारले, “बेचाळीसनंतर तुमच्या भागात लोकांनी प्रतिसरकार चालवलं. ते खरंच सरकार होतं का?”

तो म्हणाला, “आमच्या गावात दोन भावांचा विहिरीच्या पाण्याचा तंटा कोर्टात वर्षानुवर्षं पडून होता. लोकांच्या न्यायालयानं तो एका बैठकीत मिटवला. त्या दिवशी ते सरकार होतं. पण माझ्या काकाला चोर ठरवून मार दिला, आणि तो निर्दोष होता हे पुढं कळलं. दाद मागायला त्याला वरचं दारच नव्हतं. ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याला जायला जागा असते, ते सरकार. ती जागा इंग्रजांनी कागदावर ठेवली होती. आमच्या लोकांना ती ठेवायला वेळ मिळाला नाही.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “हे पुस्तकात नाही,” एवढेच म्हणाले.

दिल्लीत माझी मुलाखत त्याच्या आदल्या दिवशी होती. मंडळाला मी साताऱ्याचा आहे हे अर्जावरून दिसत होते, त्यामुळे नेमका प्रतिसरकारचाच प्रश्न आला. माझ्या तोंडी माझे स्वतःचे काही आले नाही. विहीर आली, आणि पाठोपाठ ‘माझा काका’. अध्यक्ष पुढे वाकून ऐकू लागले. मला काका नाहीच.

खोलीवर परतल्यावर मित्राने विचारले, “काय इचारलं रं?” मी म्हणालो, “किरकोळच.” तेव्हाच सांगितले असते, तर त्याला दुसरे उत्तर जुळवायला एक रात्र मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि बूट काढता काढता हसायला लागला.

“गड्या, माझा काका काल तुझ्यासंगं आत गेला हुता व्हय? अध्यक्ष म्हणालं, कालबी एक काका आला हुता. ह्या काकाचं पुतणं किती हायत?”

“मग? तू काय म्हणालास?”

“म्हणालो, आमी एकाच सरांकडं तयारी केली. त्यास्नी वाटलं, दोघांनी पाठ केलंय. पुढं माझं कायबी खरं वाटंना त्यास्नी.”

“काका तुझा आहे म्हणून सांगायचंस ना!”

“आन तुला पाडायचं? चुगली करणारा साहेब त्यास्नी कशाला हवाय?” त्याने बूट खाटेखाली सरकवले. “चल, जेवू. लय भूक लागली.”

यादीत माझे नाव आले, त्याचे नाही. पुढल्या खेपेपर्यंत त्याचे वय उलटले होते. प्रांतिक सेवेतून तो मामलेदार झाला आणि प्रांताधिकारी म्हणून निवृत्त झाला. मामलेदारांच्या निकालांवरची अपिले ऐकणे हेच त्याचे काम होते, आणि त्याच्यासमोर हरलेला माणूसही शिव्या न देता जाई असे त्या भागात सांगतात. मी कलेक्टर झालो, मानाच्या खुर्च्यांवर बसलो, आणि तेच उत्तर स्वतःचे म्हणून मुलांना सांगत राहिलो.

गेल्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेलो. आता आम्ही दोघेही काठी घेऊन चालतो. अंगणात खुर्च्या टाकून चहा घेतला, आणि हे सारे लिहितो आहे असे मी त्याला सांगितले. तो बशीत फुंकर घालत राहिला.

“लिव की. पर एक सुधार. तू लोकांस्नी सांगतोस, काकाला चोर ठरवलं. कशाची चोरी, ते कवा इचारलंस का मला?”

मी कधीच विचारले नव्हते.

“मेंढराची. आन मेंढरू सांजच्याला आपल्या पायानं घरी आलं. मंडळानं ह्ये तुला इचारलं असतं, तर काय सांगितलं असतंस?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“बघ,” तो म्हणाला, “आता पास झालास.”